हप्त्याची फी: जादा किती घ्यावी?

क्लासची वर्षाची फी एकरकमी ६०,००० रुपये. हप्त्यांत हवी असेल, तर दर दोन महिन्यांनी १६,००० असे चार हप्ते. पहिला प्रवेशाच्या वेळी. जादा ४,००० म्हणजे पावणेसात टक्केही नाहीत, असं पालकांना वाटतं. पण पहिला हप्ता लगेच गेल्यावर उधारी उरते ४४,००० ची, तीही दर हप्त्याला घटत सहा महिन्यांत संपते. तसा हिशेब मांडला, तर व्याजदर वर्षाला सुमारे २७ टक्के पडतो. बँकेचं वैयक्तिक कर्जही बहुधा याहून स्वस्त!

क्लासचालकाने १२ टक्के दर धरला, तर हप्ता साधारण १५,४५० चा होतो; जादा फक्त १,८००. अर्थात मधेच क्लास सोडणारे, चेक न वटणारे यांची तूट त्याला सोसावी लागते. त्यासाठी हप्त्यामागे शंभर-दोनशे रुपये वाढवणं समजण्यासारखं आहे. पण ती जोखीम पुढच्या तारखांचे चेक घेऊनही कमी होते, मग चार हजार कशाचे?

प्रवेश घेताना एकरकमी आणि हप्त्यांची एकूण रक्कम, दोन्ही लेखी मागा.