केकच्या डब्यावर नंबर टाकायचा की नाही? नागावच्या मायलेकींचं बोलणं ऐका

घरून केक करणाऱ्या तुमच्यापैकी बहुतेकांचा एक प्रश्न ठरलेला असतो: "सर, इन्स्टाग्रामवर, गूगलवर माझा मोबाइल नंबर दाखवू का? की फक्त मेसेज करा म्हणू?" आज उत्तर मी देत नाही, अलिबागजवळच्या नागावातल्या एका स्वयंपाकघरात झालेलं बोलणं सांगतो. लेक दोन वर्षांपासून घरून केक करते. आई त्याआधीपासून पापड-कुरडया विकते आणि तिच्या फाटकावर नंबराची पाटी आहे.

लेकीने एका रविवारी सगळीकडून स्वतःचा नंबर काढून टाकला. तिथून सुरुवात झाली.

"अगं, पाटी पुसल्यासारखं का केलंस? गिऱ्हाईक येणार कुठून?"

"आई, रात्री साडेअकराला व्हिडिओ कॉल येतात. केक नको असतो त्यांना. आणि परवाचा तो फोन आठवतोय ना?"

"तो पन्नास कपकेकवाला?"

"हो. म्हणाला, मी लष्करात आहे, पार्टी आहे, आत्ताच अ‍ॅडव्हान्स देतो. मग क्यूआर कोड पाठवला आणि म्हणाला, हा स्कॅन करा आणि पिन टाका, पैसे तुमच्या खात्यात येतील."

"तू टाकलास?"

"नाही गं! पैसे घ्यायला पिन लागतच नाही. पिन टाकला की पैसे जातात. पण माझं बँकेचं खातं, यूपीआय, आधार सगळं त्याच नंबरावर आहे. म्हणून धडकी भरली."

"बरं. आता माझं ऐक. शनिवारी मांडव्याला बोटीतून उतरलेला माणूस होमस्टेवर येतो, संध्याकाळी बायकोचा वाढदिवस आहे म्हणतो. तो तुला मेसेज करून उत्तराची वाट बघत बसेल? तो ज्याचा नंबर दिसेल त्याला फोन लावेल."

"म्हणजे नंबर ठेवायचाच?"

"ठेवायचा. पण तिजोरीची किल्ली आणि दुकानाची घंटा एकाच दोरीला कशाला बांधलीस?"

मंडळी, आईचं हे शेवटचं वाक्य लिहून ठेवा. प्रश्न नंबर दाखवण्याचा नाहीच, कोणता नंबर दाखवायचा याचा आहे. लोकांना दिसणारा नंबर आणि बँकेचा ओटीपी येणारा नंबर वेगळे हवेत.

नवं सिम कशासाठी?

इथे बहुतेक जण नवं सिम घेतात आणि ते धंद्यासाठी वापरतात. सुरुवातच असेल, नंबर दहा-वीस लोकांकडेच असेल, तर हेच करा. पण या ताईचं तसं नव्हतं. दोन वर्षांत तिचा नंबर केकच्या डब्यांवर, होमस्टेवाल्यांच्या फोनमध्ये, लोकांनी पुढे पाठवलेल्या फोटोंत गेलेला. तो परत गोळा करता येत नाही, आणि बदलला तर जुनं गिऱ्हाईक बंद फोनवर कॉल लावत बसणार.

म्हणून त्यांनी उलटं केलं. जुना नंबर धंद्याला ठेवला आणि नवं सिम बँकेसाठी घेतलं. बँकेच्या शाखेत जाऊन खात्याचा नंबर बदलला, आधार केंद्रात जाऊन आधारचा. दोन-तीन खेपा पडल्या, पण गिऱ्हाईक जागचं हललं नाही.

यात एक जागा अशी आहे जिथे लोक चुकतात. यूपीआय अ‍ॅप बँकेत नोंदवलेल्या नंबरावरच चालतं, त्यामुळे ते नव्या सिमवर पुन्हा सुरू करावं लागतं. तेव्हा बरीच अ‍ॅप मोबाइल नंबरालाच यूपीआय आयडी बनवतात. तोच आयडी गिऱ्हाइकाला दिलात तर लपवलेला नंबर स्वतःच्या हाताने वाटलात! सेटिंगमध्ये जाऊन नंबर नसलेला दुसरा आयडी बनवा आणि त्याचाच क्यूआर कोड छापा. नाव मात्र दिसणारच, पैसे देणाऱ्याला खातेदाराचं नाव दिसतं.

फोन एक, नंबर दोन

दोन सिमच्या एकाच फोनमध्ये साधं व्हॉट्सअ‍ॅप आणि व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस अशी दोन्ही अ‍ॅप दोन वेगळ्या नंबरांवर चालतात. बिझनेसचं अ‍ॅप मोफत आहे. ताईने जुना नंबर त्यावर नेला आणि प्रोफाइलला स्वतःच्या फोटोऐवजी केकचा फोटो लावला. कामाची वेळ सकाळी दहा ते रात्री आठ अशी भरली. त्याबाहेर मेसेज आला की आपोआप उत्तर जातं: "ऑर्डर उद्या सकाळी दहानंतर घेतली जाईल." त्या वेळेनंतर ते सिम आणि ते अ‍ॅप दोन्ही सायलेंट. रात्रीचे व्हिडिओ कॉल येणं थांबलं नाही, पण तिची झोप मोडणं थांबलं. जो दोनदा त्रास देतो, तो ब्लॉक.

इन्स्टाग्रामवर नंबर लिहिण्याऐवजी `wa.me/91` आणि पुढे दहा आकडे अशी लिंक देता येते. दाबली की थेट चॅट उघडतं. पण नंबर लपला असं समजू नका, तो लिंकमध्येच आहे.

आणि व्हॉट्सअ‍ॅपच्या सेटिंगमध्ये दोन टप्प्यांची पडताळणी सुरू करून सहा आकडी पिन ठेवा. कोणी फोनवर "तुमच्याकडे चुकून कोड आलाय, सांगा" म्हणालं तर तो कोड म्हणजे तुमच्या व्हॉट्सअ‍ॅपचा ताबा. सांगायचा नाही.

नंबर दिला, पत्ता?

आईचा शेवटचा मुद्दा हाच होता. "नंबर दिसू दे. घर मात्र पैसे आल्यावरच दाखव." गूगलच्या व्यवसाय प्रोफाइलमध्ये पत्ता लपवून फक्त सेवा देण्याचा भाग दाखवता येतो. त्यांनी नागाव, चौल, रेवदंडा, अलिबाग एवढंच टाकलं. अर्धा अ‍ॅडव्हान्स आला की मगच घराचं लोकेशन, तेही कोणी घरात असेल तेव्हाची वेळ ठरवून. अनोळखी माणूस असेल तर केक होमस्टेच्या ऑफिसात पोचवायचा.

अ‍ॅडव्हान्स आला का, हे मेसेजवर किंवा गिऱ्हाइकाने पाठवलेल्या स्क्रीनशॉटवर ठरवायचं नाही. बँकेच्या अ‍ॅपमध्ये शिल्लक बघायची. "चुकून पाच हजार जास्त गेले, परत पाठवा" म्हणणारे याच फटीतून येतात.

पत्ता पूर्ण गुप्त राहील असं मात्र मी म्हणणार नाही. अन्न विकायचं तर एफएसएसएआयची नोंदणी लागते आणि त्या कागदावर जागेचा पत्ता असतोच. रस्त्यावरच्या प्रत्येकाला तो ओरडून सांगायचा नाही, इतकंच आपल्या हातात आहे.

आता तुमचं काम. आपला नंबर गूगलवर टाकून बघा, कुठे कुठे दिसतो. मग बँकेचा मेसेज कोणत्या सिमवर येतो ते बघा. दोन्ही एकच असतील तर या आठवड्यात दुसरं सिम घ्या, आणि ते रिचार्ज करत राहा. बंद पडलेला नंबर काही काळाने दुसऱ्याला दिला जातो, आणि तुमच्या बँकेचे मेसेजही त्याच्याकडे जाऊ शकतात. फसवणूक झालीच तर लाजू नका, लगेच 1930 वर फोन करा. जितका उशीर, तितके पैसे पुढच्या खात्यांत सरकतात.

नागावच्या गूगल प्रोफाइलवर नंबर पुन्हा दिसतोय. आणि फाटकावरच्या पाटीवर पापडाखाली आता केकही लिहिलाय.