जुळ्यांमधला पडदा

बाराव्या आठवड्याच्या सोनोग्राफीत जुळी दिसली की घरचे विचारतात, दोघं सारखी दिसतील का? डॉक्टर मात्र दोघांमधला पडदा न्याहाळत असतात. त्या पडद्यात गर्भाच्या पहिल्या दोन आठवड्यांचा इतिहास असतो.

शुक्राणू आणि स्त्रीबीज एकत्र येतात ते बीजवाहिनीत. तिथून गर्भाशयाकडे सरकताना गर्भाच्या पेशी दुपटीने वाढत जातात. चौथ्या-पाचव्या दिवशी त्यांची पहिली वाटणी होते. बाहेरच्या पेशींपासून वार आणि कोरिऑन हे बाहेरचं आवरण तयार होतं, तर आतल्या पुंजक्यापासून बाळ. सहाव्या-सातव्या दिवशी बाहेरच्या पेशी गर्भाशयाच्या अस्तरात रुतू लागतात. दुसऱ्या आठवड्यात आतला पुंजका दोन थरांची चकती बनतो. वरच्या थरात एक पोकळी पडून पाणी साठतं. हीच पाणमोटेची सुरुवात. खालच्या थराकडे पीतकाची पिशवी तयार होते.

एकाच स्त्रीबीजापासून जुळी होतात, तेव्हा गर्भ या क्रमात नेमका कधी दुभंगला यावर सगळं अवलंबून असतं, असं मानलं जातं. पहिल्या तीन दिवसांत दुभंगला तर वाटणी व्हायचीच असते, म्हणून प्रत्येकाला स्वतःची वार आणि स्वतःची पाणमोट मिळते. चौथ्या ते आठव्या दिवसात दुभंगला तर बाहेरचं आवरण आधीच ठरलेलं असतं. मग वार एकच, पण पाणमोटा दोन. एकबीज जुळ्यांत हाच प्रकार सर्वाधिक आढळतो. त्याहून उशीर झाला तर पाणमोटही एकच राहते आणि नाळा एकमेकींत गुंतण्याचा धोका असतो. तेराव्या दिवसानंतर चकती पुरती दुभंगत नाही आणि बाळं एकमेकांना जोडलेली राहतात.

आता सोनोग्राफीकडे. पडदा जिथे वारेला टेकतो तिथे वारेचा त्रिकोणी सुळका पडद्यात शिरलेला दिसला, तर कोरिऑन दोन आहेत. पातळ पडदा वारेला इंग्रजी टी अक्षरासारखा काटकोनात भिडला, तर कोरिऑन एक. ही खूण अकराव्या ते चौदाव्या आठवड्यात सर्वात स्पष्ट असते. पुढे सुळका विरत जातो आणि निदान अवघड होतं.

एका वारेवर वाढणाऱ्या जुळ्यांच्या रक्तवाहिन्या वारेतच एकमेकींना जोडलेल्या असतात. अशा शंभरातल्या दहा ते पंधरा गरोदरपणांत रक्त एका बाळाकडून दुसऱ्याकडे जास्त वाहू लागतं. देणाऱ्या बाळाचं मूत्राशय रिकामं दिसतं, त्याचं गर्भजल आटतं. घेणाऱ्याची पाणमोट फुगत जाते आणि आईचं पोट थोड्याच दिवसांत ताणल्यासारखं वाढतं. म्हणून अशा आईची सोळाव्या आठवड्यापासून दर दोन आठवड्यांनी तपासणी करतात. त्रास गंभीर असेल तर गर्भाशयात दुर्बीण घालून त्या जोडवाहिन्या लेझरने बंद करता येतात. त्यानंतरही दोन्ही बाळं वाचतीलच अशी हमी नसते. म्हणूनच जुळी दिसली की वार एक की दोन, हे पहिल्याच रिपोर्टात लिहून घ्यायला हवं.