तासाला सात मिलिमीटर

आयसीयूत पेशंटच्या उशाशी उभ्या असलेल्या नातेवाइकांचा एक प्रश्न ठरलेला असतो. स्टँडवर लावलेल्या आडव्या यंत्राकडे बोट दाखवून ते विचारतात, "सिस्टर, हे चालू आहे ना? काहीच हलत नाही." मी त्यांना यंत्रावरचा आकडा दाखवते, पण त्यांचं म्हणणं खोटं नसतं. सिरिंज पंपावर चढवलेली पन्नास मिलिलीटरची सिरिंज बऱ्याचदा तासाला चार-साडेचार मिलिलीटर एवढंच औषध सोडते. म्हणजे तिचा दांडा तासाभरात पुढे सरकतो जेमतेम सात मिलिमीटर. तो डोळ्यांना दिसत नाही, म्हणूनच या यंत्राचे घोटाळेही डोळ्यांना दिसत नाहीत.

पंपाच्या आत एक मोटर आहे आणि ती एक लांब स्क्रू अगदी सावकाश फिरवते. त्या स्क्रूने दांडा ढकलला जातो, बस्स. सिरिंजमध्ये नॉरॲड्रेनालिन आहे की साधं सलाइन, हे पंपाला कळत नाही. पेशंटचं वजन, औषधाची ताकद, नळीचं दुसरं टोक कुठं आहे, हे सगळं त्याला माणसाने सांगायचं असतं, आणि सांगितलेलं तो निमूटपणे खरं धरतो.

एक उदाहरण घेऊ. साठ किलो वजनाचे एक काका, जंतुसंसर्ग रक्तात पसरल्याने रक्तदाब कोसळलेला. डॉक्टर लिहितात: नॉरॲड्रेनालिन, 0.1 मायक्रोग्रॅम प्रति किलो प्रति मिनिट. हे औषध रक्तवाहिन्या आवळून दाब वर आणतं. त्याचा असर काही मिनिटांतच ओसरतो, म्हणून ते सतत, न थांबता द्यावं लागतं. चार मिलिग्रॅम औषध असलेलं दोन मिलिलीटरचं अँप्यूल सिरिंजमध्ये घ्यायचं आणि त्यात अठ्ठेचाळीस मिलिलीटर पाच टक्के डेक्स्ट्रोज घालून पन्नास करायचे. लेबल इथेच नीट वाचायचं. आकडा नुसत्या औषधाचा आहे की त्याच्या बायटार्ट्रेट क्षाराचा? दोन मिलिग्रॅम क्षारात औषध एकच मिलिग्रॅम असतं. आपल्या उदाहरणात चार मिलिग्रॅम हे निव्वळ औषध आहे, असं धरू.

आता हिशेब. चार मिलिग्रॅम म्हणजे 4000 मायक्रोग्रॅम. पन्नासने भागले की एका मिलिलीटरमध्ये 80 मायक्रोग्रॅम आले. काकांना मिनिटाला लागणार 60 गुणिले 0.1, म्हणजे 6 मायक्रोग्रॅम, आणि तासाला 360. त्याला 80 ने भागा.

```
360 ÷ 80 = 4.5 ml/h
```

गणित चौथीच्या मुलालाही जमेल. चूक सहसा भागाकारात होत नाही, ती होते गृहीत धरण्यात. समजा, रात्रपाळीच्या सिस्टरने सिरिंज लवकर संपू नये म्हणून दुप्पट ताकदीची, आठ मिलिग्रॅमची भरली. पंपावर मात्र जुनाच 4.5 राहिला. स्क्रीनवर आकडा कालचाच, बझर नाही, लाल दिवा नाही, आणि काकांना जातंय दुप्पट औषध. असल्या चुकीवर पंप कधीच ओरडणार नाही, कारण त्याच्या दृष्टीने काही चुकलेलंच नाही.

म्हणून अशा औषधांची दुसऱ्या माणसाकडून तपासणी करतात. पण ती कशी होते, यावर सगळं आहे. "ताई, साडेचार लावलंय, बघ ना जरा," असं म्हटलं की समोरची मान डोलावते. ही तपासणी नव्हे, हा दुजोरा. मी माझ्या मुलींना एवढंच सांगते की आपलं उत्तर तोंडातून काढू नका. दुसरीने ऑर्डर स्वतः वाचायची, अँप्यूल हातात घेऊन लेबल वाचायचं, वजन केसपेपरवरून घ्यायचं आणि कोऱ्या कागदावर आकडा काढायचा. मग दोघींचे आकडे शेजारी ठेवायचे. जुळले नाहीत तर जिचं अनुभवाने वजन जास्त तिचं खरं धरायचं नाही, दोघींनी पुन्हा पहिल्यापासून मांडायचं. गर्दीच्या पाळीत हे प्रत्येक औषधाला शक्य नाही हे मला मान्य आहे. म्हणून ते नॉरॲड, इन्सुलिन, हेपरिन असल्या, चुकलं तर क्षमा नसलेल्या औषधांसाठी राखून ठेवावं. सगळ्यालाच लावलं की सगळंच सह्यांपुरतं उरतं.

आकडे जुळले तरी पंपावर आणखी एक प्रश्न येतो, सिरिंज कोणत्या कंपनीची? नवख्यांना ही निव्वळ औपचारिकता वाटते आणि स्क्रीनवर आधी जे नाव आहे त्यावरच "ओके" दाबलं जातं. पण पंप मोजतो ते दांड्याचं सरकणं, औषधाचं माप नव्हे. एका कंपनीच्या पन्नासच्या सिरिंजचा आतला व्यास 27 मिलिमीटर असेल आणि दुसरीचा 29, तर तेवढंच सरकलं तरी औषधात साधारण पंधरा टक्क्यांचा फरक पडतो.

मग नळी. सिरिंजपासून पेशंटपर्यंतच्या बारीक एक्स्टेंशनमध्ये समजा दीड मिलिलीटर मावतं. ती आधी औषधाने भरून घेतली नाही, तर तासाला साडेचारच्या गतीने औषधाचा पहिला थेंब शरीरात पोचायला वीस मिनिटं लागतील. कोसळत्या रक्तदाबाला वीस मिनिटं! म्हणून नळी पेशंटला जोडण्याआधी पंपाच्या पर्ज बटणाने टोकाला थेंब येईपर्यंत भरायची. त्याने दांडा आणि पकड यांच्यातली बारीक फटही मिटते. जोडल्यावर मात्र ते बटण विसरायचं.

एका पहाटेचा प्रसंग माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. स्कॅन करून पेशंटला आणलं, पंप हिरवा, आकडा बरोबर, आणि दाब मात्र घसरत चाललेला. डॉक्टरांनी डोस वाढवायला सांगितला. आमच्या ब्रदरने पंपाला हात न लावता पेशंटच्या मानेजवळच्या कॅथेटरपासून नळी दोन बोटांत धरली आणि मागे मागे येत गेला. हातभर अंतरावर थ्री-वे होता. पेशंट हलवताना कुणीतरी तो बंद केलेला, उघडायचा राहून गेलेला. पंप मुकाट ढकलत होता आणि औषध नळीत दाबून बसलं होतं. अडथळ्याचा अलार्म आहे, पण तो दाब वाढल्यावर वाजतो, आणि इतक्या कमी गतीत तेवढा दाब साठायला बराच वेळ जातो.

माझा हात थ्री-वेकडे गेला, तसा ब्रदर म्हणाला, "थांबा, सिस्टर." त्याचं बरोबर होतं. तिथल्या तिथे उघडला असता तर दाबून बसलेलं सगळं औषध एकदम आत गेलं असतं आणि घसरलेला दाब क्षणात आभाळाला भिडला असता. त्याने पंप थांबवला, पेशंटकडची वाट बंदच ठेवून नळी सिरिंजकडून सोडवली, दाब निघून जाऊ दिला, आणि मगच पुन्हा जोडून सुरू केलं.

तेव्हापासून मी सुरू करण्याआधी नळी पेशंटकडून पंपाकडे बोटाने चाचपत येते. पंप पेशंटच्या छातीच्या पातळीला आहे, दांडा पकडीत नीट बसलाय, हेही तेव्हाच बघते. पकड सुटलेली असेल आणि पंप वर असेल तर सिरिंज आपोआप रिकामी होऊ शकते. मग स्टार्ट दाबते, सिरिंजच्या लेबलवर पेनाने रेघ मारून वेळ लिहिते. तासाने येऊन बघते. रेघ 48.5 वर मारली असेल, तर दांडा 44 वर यायला हवा.