पेट बाटलीची मान आणि डीएससीचा आलेख

आज एकच आलेख वाचू या, पण डावीकडून उजवीकडे पूर्ण.

नमुना घरातलाच आहे. पाण्याच्या पेट बाटलीची मान, म्हणजे झाकणाचे आटे असतात तो जाड, पारदर्शक भाग. त्यातला पाच-सात मिलिग्रॅमचा सपाट तुकडा ॲल्युमिनियमच्या छोट्या पॅनमध्ये बंद करायचा, शेजारी तसाच एक रिकामा पॅन ठेवायचा आणि नायट्रोजनमध्ये मिनिटाला १० अंश सेल्सिअस या वेगाने २८० अंशांपर्यंत तापवायचं. दोघांचं तापमान सारखंच वाढत असताना नमुन्याला उष्णता किती जास्त लागते, तेवढं हे यंत्र टिपतं.

आलेख हातात आला की आधी कोपऱ्यात बघा. तिथे `Exo Up` लिहिलंय की `Exo Down`? उष्णता बाहेर पडली तर रेघ वर जाणार की खाली, ते यंत्रागणिक बदलतं. आपण `Exo Up` धरू. म्हणजे वितळण्याचं शिखर खाली, दरीसारखं दिसणार.

साधारण ७५ ते ८० अंशांना रेघ एक पायरी खाली उतरते आणि खालच्याच पातळीवर पुढे जाते. हे ग्लास ट्रान्झिशन. इथे काही वितळत नाही. विस्कळीत भागातल्या साखळ्या आतापर्यंत गोठल्यासारख्या होत्या, त्या आता हलायला लागतात आणि पदार्थाची उष्माधारकता वाढते. म्हणून शिखर नाही, पायरी. बाटली बरेच दिवस पडून असेल तर या पायरीला चिकटून एक छोटी दरीही दिसते, आणि नवखे लोक हमखास तिला वितळणं समजतात. ते जुनेपणाचं लक्षण आहे. नमुना वितळवून, थंड करून लगेच पुन्हा तापवला की ती दरी नाहीशी होते, पायरी मात्र राहते.

पुढे १३५ अंशांच्या आसपास रेघ उलट वर उसळते. तापवतोय आपण, आणि उष्णता बाहेर पडतेय! याला शीत स्फटिकीकरण म्हणतात. कारखान्यात ही मान साच्यात इतक्या झटकन थंड झाली की साखळ्यांना रांगेत बसायला वेळच मिळाला नाही. आता हलता येतंय म्हटल्यावर त्या रांगा लावून घेतात. आणि २४८ अंशांच्या आसपास मोठी दरी, म्हणजे वितळणं. ती रुंद असते, कारण सगळे स्फटिक सारख्या जाडीचे नसतात. पातळ असतात ते आधी वितळतात.

आता खरा प्रश्न: मान किती स्फटिकी आहे? समजा, वितळण्याच्या दरीचं क्षेत्रफळ ४२ जूल प्रति ग्रॅम आलं. पूर्ण स्फटिकी पेटसाठी १४० हा आकडा सहसा धरतात. ४२ भागिले १४०, म्हणजे ३० टक्के. आकडा अगदी पटण्याजोगा वाटतो, आणि चूक आहे. कारण वितळलेल्यांपैकी बरेचसे स्फटिक आपणच १३५ अंशांना तयार केले. त्या शिखराचं क्षेत्रफळ ३३ असेल, तर ४२ वजा ३३ म्हणजे ९, आणि ९ भागिले १४० म्हणजे जेमतेम ६ टक्के. त्यातही बेसलाइन कुठून कुठे ओढली यावर दोन-तीन जूल सहज इकडेतिकडे होतात. म्हणून ६.४ असं लिहू नका, "जवळजवळ विस्कळीत" म्हणा.

त्याच बाटलीच्या पोटाचा तुकडा घेतला तर चित्र वेगळंच. पोट फुगवताना ताणलं गेलेलं असतं, साखळ्या तेव्हाच रांगेत बसलेल्या. म्हणून १३५ ची उसळी नसते किंवा अगदी पुसट असते, ग्लास ट्रान्झिशनची पायरी उथळ आणि पसरट होते. वितळण्याची दरी मात्र मानेच्या दरीसारखीच दिसू शकते. म्हणजे नुसती ती दरी पाहून मान आणि पोट ओळखता येणार नाही.

आणखी एक सवय इथे नडते. बरेच जण पहिला आलेख बाजूला ठेवून दुसऱ्या तापवणीचाच बघतात. पदार्थाचा स्वभाव कळण्यासाठी ते ठीक आहे. पण दरम्यान नमुना सावकाश थंड केला, तर तो थंड होतानाच बराचसा स्फटिकी होतो, आणि मान नि पोट दोघांचे आलेख जवळजवळ सारखे येतात. वस्तू कशी बनली हे जाणायचं असेल तर पहिलीच तापवणी हवी.

हा फरक भंगार बाटल्यांचे तुकडे पुन्हा वापरणाऱ्यांना चांगलाच जाणवतो. वितळवण्याआधी तुकडे १५०-१६० अंशांच्या हवेत वाळवावे लागतात. ३० टक्क्यांवर विसंबून मानेचे तुकडे थेट ड्रायरमध्ये टाकले, तर ते ८० अंशांपुढे मऊ होऊन एकमेकांना चिकटतात आणि आत गठ्ठा होतो. आधी त्यांना ढवळत ढवळत तापवून स्फटिकी करून घ्यावं लागतं. ते नीट झालं की नाही हे तपासायला पुन्हा एक तुकडा डीएससीत टाकायचा आणि १३५ ची उसळी गेली का, तेवढं बघायचं.