ब्लेंडरमध्ये गाडी: बनवायची अर्धीच!

गाडीची डावी-उजवी बाजू सारखी, म्हणून ब्लेंडरमध्ये मुलांनी अर्धीच बॉडी बनवायची. उरलेली अर्धी Mirror मॉडिफायर तयार करतो. उदाहरणाला १९५९ ची मिनी घेऊ: लांबी साधारण ३.०५ मीटर, रुंदी १.४ मीटर.

ब्लूप्रिंटची समोरची, बाजूची आणि वरची चित्रं आधी एकाच मापात लावून घ्या. स्कॅनचा समास बहुतेक वेळा दोन्हीकडे सारखा नसतो. त्यामुळे चित्राचा नव्हे, गाडीचा मध्य X = 0 वर हवा. बॉडीची कड दोन्हीकडे ०.७० वर आली, की जमलं.

आता Mirror लावून X अक्ष निवडा आणि Clipping चालू करा, म्हणजे मधले बिंदू रेषेला चिकटून राहतात. तरी मध्ये फट दिसली तर बहुधा ऑब्जेक्टचा ओरिजिन गाडीच्या मधल्या रेषेवर नसतो. आरसा ऑब्जेक्टच्या ओरिजिनवर उभा असतो ना!

खरी गंमत बॉनेटवर. मधल्या रेषेशेजारची बिंदूंची ओळ बरीच खाली गेली, की छपरासारखा कंगोरा उठतो. ती ओळ जवळजवळ मधल्याच उंचीवर ठेवा. तरीही मधोमध काळी रेघ दिसली, तर मध्यावर आतल्या बाजूला एखादा फेस उभा राहिलाय का बघा आणि तो काढून टाका. Subdivision Surface मात्र यादीत Mirror च्या खालीच हवा; वर गेला तर दोन्ही अर्धी वेगवेगळी गुळगुळीत होतात आणि जोड उघडा पडतो.

स्टिअरिंग, पेट्रोलचं झाकण एकाच बाजूला असतं. ते वेगळं ऑब्जेक्ट म्हणून करा, Mirror न लावता.