मुलाच्या नावावर आवर्ती ठेव

वाशी किंवा नेरूळच्या टपाल कार्यालयात दहा वर्षांवरील मूल स्वतःच्या नावाने आवर्ती ठेवीचे खाते उघडू शकते. दरमहा किमान 100 रुपये, मुदत पाच वर्षे. 6.7 टक्के दराने भरलेल्या 6,000 रुपयांचे मुदतीअखेर सुमारे 7,137 होतात. रक्कम मोठी नाही. खरा धडा हप्त्याच्या तारखेचा. हप्ता चुकला, तर शंभर रुपयांमागे महिन्याला एक रुपया दंड पडतो, आणि चार हप्ते थकल्यावर खाते खंडित होते. म्हणून हप्ता खाऊच्या पैशांतून मुलानेच भरावा. पालकांनी परस्पर भरल्यास पासबुकात आकडे वाढतात, सवय लागत नाही. व्याज मात्र साधारणपणे जास्त उत्पन्न असलेल्या पालकाच्या करपात्र उत्पन्नात धरले जाते.