जालन्याची माणसे आणि टक्क्यांचा हिशेब

एखाद्या शहरासाठी नळयोजना आखावयाची म्हटले, म्हणजे पहिला प्रश्न पाण्याचा नसतो, माणसांचा असतो. आजपासून वीस वर्षांनी या गावात किती माणसे पाणी पितील? २०१२-१३ चा दुष्काळ सोसलेल्या जालन्यात या अंदाजाची चूक घागरींनी मोजावी लागते. तेव्हा हा अंदाज कसा बांधतात आणि त्यावर कोठवर विसंबावे, हे जालन्याच्याच आकड्यांवरून पाहू. सोयीसाठी आकडे ठोकळ घेतले आहेत.

१९८१ च्या जनगणनेत जालना शहराची वस्ती सुमारे १ लाख २२ हजार होती. १९९१ मध्ये ती १ लाख ७५ हजार झाली. म्हणजे दहा वर्षांत वाढ झाली शेकडा ४३. मग दरसाल किती? सहज उत्तर येते, ४.३ टक्के. पण येथेच पहिली फसगत होते. वस्ती चक्रवाढ व्याजासारखी वाढते. वाढलेल्या माणसांचीही पुढे वाढ होत असते. हजारावर ४.३ टक्क्यांनी दहा वर्षे चक्रवाढ केली, तर १,४३० नव्हे, १,५२३ येतात. दहा वेळा गुणल्यावर बरोबर १,४३० च्या घरात नेणारा दर आहे सुमारे ३.६५ टक्के. दशकाच्या वाढीला दहाने भागून मिळालेला दर चक्रवाढीत घालू नये, एवढे येथे ध्यानात ठेवावे.

आता आपण १९९१ सालात उभे आहोत असे समजा. हाच दर पुढे चालला, तर दर दहा वर्षांनी वस्ती १.४३ पट होईल. १ लाख ७५ हजारांचे २००१ मध्ये अडीच लाख होतील, आणि २०११ मध्ये ३ लाख ५८ हजार. गणित चोख आहे. पण प्रत्यक्ष शिरगणतीत काय आढळले? २००१ मध्ये सुमारे २ लाख ३५ हजार आणि २०११ मध्ये सुमारे २ लाख ८५ हजार. पहिल्या दहा वर्षांत अंदाज १५ हजारांनी, म्हणजे शेकडा सहाने चुकला. एवढी चूक योजनेला सोसते. वीस वर्षांनी मात्र तो ७३ हजारांनी, म्हणजे शेकडा पंचविसाने चुकला. मुदत दुप्पट झाली, चूक जवळजवळ पाचपट. माणशी रोज १३५ लिटर हे नळयोजनेचे प्रमाण धरले, तर हा फरक रोजच्या जवळजवळ एक कोटी लिटरांचा होतो. त्या मापाच्या नळांचा आणि टाक्यांचा खर्च मात्र नसलेल्या माणसांसाठी होऊन बसतो.

चूक गुणाकारात नव्हती, दर कायम राहील या गृहीतात होती. १९९१ ते २००१ या दशकात दर तीन टक्क्यांवर आला आणि पुढील दशकात दोनाच्याही किंचित खाली. शहराच्या वाढीत दोन प्रवाह असतात. जन्म वजा मृत्यू हा एक, आणि येणारे वजा जाणारे हा दुसरा. पहिला हळूहळू बदलतो, दुसरा एकदम. १ मे १९८१ रोजी जालना जिल्ह्याचे ठाणे झाले. पण जिल्ह्याचे ठाणे एकदाच होते, दर दशकात होत नाही. अशा प्रसंगाने आलेली माणसे टक्क्यांत मुरली, म्हणजे जणू तो प्रसंग दरवर्षी घडणार आहे असे आपण मानून बसतो. शहराची हद्द वाढली, तर एकही माणूस न हलता वस्ती वाढते. अशा वेळी जुनी वस्तीही नव्या हद्दीप्रमाणे मोजून मगच दर काढावा.

मग विश्वास कोठे थांबवावा? दोन खुणा सांगतो. सत्तराला दराने भागले, की वस्ती दुप्पट होण्याची वर्षे मिळतात. ३.६५ टक्क्यांना ती एकोणीस येतात. तेवढ्या काळात दुप्पट घरे, दुप्पट पोटापाण्याची साधने आणि दुप्पट पाणी येथे कोठून येईल, असे विचारावे. उत्तर सापडेना, तर दरावर संशय घ्यावा. दुसरी खूण अशी की, लागोपाठच्या दोन दशकांचे दर ताडून पाहावेत. ते जुळत असतील, तर पुढील दहा वर्षांपुरते विसंबावे. ३ आणि २ असे ढळत असतील, तर एकच आकडा सांगणेच चूक.

२०२१ ची जनगणना झाली नाही. पुढील गणनेचा दिवस १ मार्च २०२७ ठरला आहे. म्हणजे २०११ पासून सोळा वर्षांचे अंतर पडते. दरसाल १ टक्का धरला, तर तेव्हाचे जालना ३ लाख ३५ हजारांचे निघते, आणि २ टक्के धरले, तर ३ लाख ९० हजारांच्या वर जाते. तोवर योजना आखणाराने हे दोन्ही आकडे मांडावेत. जमीन मोठ्या आकड्याची राखून ठेवावी, टाक्या मात्र लहान आकड्याच्या बांधाव्यात, आणि खरी मोजदाद हाती आली की उरलेल्या बांधाव्यात.